दोघांची आद्य नाडी आणि कपाटातली दोन पंचांगं

«काकू, मी सांगलीची, वय २८. स्थळ रत्नागिरीचं, मुलगा मला आवडलाय, त्यालाही मी. माझं हस्त नक्षत्र, चौथा चरण, कन्या रास. मुलाच्या आजोबांनी हाताने लिहिलेल्या पत्रिकेत उत्तरा फाल्गुनी, दुसरा चरण, कन्या रास आहे. आमचे गुरुजी म्हणाले, ‘एकनाडी आहे, पण रास एक आणि नक्षत्रं वेगळी, म्हणून दोष नाही. २६ गुण जमतात, खुशाल करा.’ भावाने ॲपवर दोघांच्या जन्मवेळा टाकल्या तर त्याची रास सिंह आली, गुण १६ आणि खाली लाल अक्षरांत ‘नाडी महादोष’. तेव्हापासून आई जेवत नाही. माझ्या मावशीचे यजमान लग्नानंतर चार वर्षांत गेले, त्यांचीही एकनाडी होती म्हणे. गुरुजी खरे की ॲप? आणि हे अपवाद खरंच शास्त्रात आहेत की लग्न जमवायला काढलेली पळवाट? पत्रिकांचे फोटो जोडले आहेत.
– हस्त नक्षत्रवाली»

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आईच्या पोटात जो गोळा आलाय तो तिथलाच आहे. अपवाद खरे आहेत आणि जुने आहेत. राम दैवज्ञांनी इ.स. १६०० मध्ये काशीत ‘मुहूर्तचिंतामणी’ लिहिला. त्याच्या विवाहप्रकरणात एकाच श्लोकात तिन्ही मुख्य अपवाद येतात. रास एक आणि नक्षत्र वेगळं असेल तर नाडीदोष नाही. नक्षत्र एक आणि रास वेगळी असेल तरीही नाही. नक्षत्र आणि रास दोन्ही एक असून चरण वेगळा असेल तरी शुभ. म्हणजे ज्या परंपरेने दोष सांगितला तिनेच तो कुठे लागत नाही तेही सांगितलं. तुमच्या गुरुजींनी नियम बरोबर सांगितला. तुझ्या बाबतीत तो लागतो का, हा प्रश्न वेगळा, आणि तिथे मला तुझ्या फोटोंत एक गोम दिसली. तिकडे येतेच.

आधी नाडी काढायची कशी ते बघ. माझ्या सासूबाई तीन बोटांवर काढायच्या. तर्जनी आद्य, मधलं बोट मध्य, अनामिका अंत्य. अश्विनी तर्जनीवर, भरणी मधल्यावर, कृत्तिका अनामिकेवर. आता पहिल्या बोटाकडे उडी मारायची नाही, तिथूनच परत फिरायचं. रोहिणी पुन्हा अनामिकेवर, मृग मधल्यावर, आर्द्रा तर्जनीवर. परत वळण, पुनर्वसू पुन्हा तर्जनीवर. असं रेवतीपर्यंत नागमोडी जायचं. २७ नक्षत्रं संपतात तेव्हा प्रत्येक बोटावर नऊ-नऊ आलेली असतात. मोजून बघ, उत्तरा फाल्गुनी आणि हस्त दोन्ही तर्जनीवर पडतील. हीच तुमची आद्य नाडी.

या नागमोडीतच पहिला अपवाद दडलाय. जिथे वळण येतं तिथे शेजारची दोन नक्षत्रं एकाच बोटावर येतात. अशी वळणं आठ. त्यातल्या सहा ठिकाणी दोन्ही नक्षत्रं एका राशीत बसू शकतात. वृषभेत कृत्तिका-रोहिणी, मिथुनेत आर्द्रा-पुनर्वसू, कन्येत उत्तरा फाल्गुनी-हस्त, तुळेत स्वाती-विशाखा, मकरेत उत्तराषाढा-श्रवण आणि कुंभेत शततारका-पूर्वा भाद्रपदा. उरलेली दोन वळणं, आश्लेषा-मघा आणि ज्येष्ठा-मूळ, नेमकी दोन राशींच्या सांध्यावर येतात, त्यामुळे तिथे हा अपवाद मिळत नाही. ‘रास एक, नक्षत्र वेगळं’ हे वाक्य ऐकायला ऐसपैस वाटतं, पण प्रत्यक्षात या सहाच जोड्यांना लागू पडतं. कुणी मेष किंवा सिंह राशीच्या मुलामुलींना हा अपवाद सांगत असेल तर खुशाल समज की कोष्टक न बघता बोलतोय, कारण त्या राशींत तिन्ही नक्षत्रांच्या नाड्या मुळातच वेगळ्या आहेत.

दुसरा अपवाद, नक्षत्र एक आणि रास वेगळी, हा दोन राशींत विभागलेल्या नक्षत्रांचा. कृत्तिकेचा पहिला चरण मेषेत आणि पुढचे तीन वृषभेत. मृग, चित्रा, धनिष्ठा निम्मी-निम्मी. अशी एकूण नऊ नक्षत्रं आहेत आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं उत्तरा फाल्गुनी त्यातलंच एक. हे लक्षात ठेव, लगेच लागेल.

तिसऱ्या अपवादावर घासाघीस चालते. नक्षत्र, रास सगळं एक आणि फक्त चरण वेगळा असला की बरेच गुरुजी हो म्हणतात. काटेकोर माणसं पादवेध बघतात. पहिल्या चरणाचा चौथ्याशी आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी वेध धरतात, तेवढं टाळून बाकीचं घेतात. चरणही एकच असला तर मात्र श्लोकात सूट नाही. याखेरीज दोघांच्या राशींचा स्वामी एकच असून तो बुध, गुरू किंवा शुक्र असला तर दोष नाही, असंही वचन सांगतात. काही नक्षत्रांना सरसकट माफी देणारी यादीही फिरते, पण तिचे पाठ वेगवेगळे आहेत, म्हणून मी ती वापरत नाही. नाडीदोष फक्त ‘विप्रां’ना, असाही एक श्लोक आहे. त्याचा अर्थ कुणी जातीवर लावतात, कुणी राशीच्या वर्णावर. ज्याला जो सोयीचा तो अर्थ तो घेतो, एवढंच मी त्याबद्दल म्हणेन.

आता तुझे फोटो. तुझी पत्रिका छापील, खाली ‘दाते पंचांगानुसार’ असं लिहिलंय, चंद्र कन्येत २१ अंशांवर. मुलाच्या आजोबांनी लिहिलेल्या पत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात, शाई फिकी झाली आहे तरी वाचता येतं, ‘टि. पं.’ असं आहे. म्हणजे टिळक पंचांग. चंद्र कन्येत १ अंश. आणि भावाच्या ॲपवर त्याच मुलाचा चंद्र सिंहेत २७ अंश. आजोबा चुकले नाहीत, ॲपही चुकलं नाही. दोघांचं मोजायला लागायचं ठिकाण वेगळं आहे.

राशीचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठून धरायची यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. चित्रापक्ष चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून मोजतो. दाते पंचांग, बहुतेक ॲप आणि १९५७ पासूनचं भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांग या बाजूचं. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, ते रेवती ताऱ्यापासून मोजतं. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. ४ अंश ऐकायला किरकोळ, पण नक्षत्राचा एक चरणच ३ अंश २० कलांचा असतो. त्यामुळे एका पंचांगातून दुसऱ्यात गेलं की चरण हमखास बदलतो, कधी नक्षत्र बदलतं, कधी रास. कोकणात आणि इकडे सांगली-पुण्यातही टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. त्यांची गणपती-दिवाळी अधूनमधून इतरांपेक्षा वेगळ्या महिन्यात येते ती याच फरकामुळे. अधिक महिना दोघांचा नेहमी जुळत नाही.

तुमच्या गुरुजींनी तुझी पत्रिका दात्यांची घेतली आणि मुलाची टिळकांची, आणि दोन्ही कोष्टकात शेजारी ठेवली. एक माप इंचात, दुसरं सेंटिमीटरमध्ये, आणि ब्लाउज शिवायला घेतला. त्यातून २६ गुण आणि ‘रास एक’ हा अपवाद निघाला. तो मेळ कोणत्याच एका पंचांगात बसत नाही.

दोघांची चित्रापक्षाने मांडली तर? त्याचा चंद्र सिंहेत २७ अंशांवर म्हणजे उत्तरा फाल्गुनीचा पहिला चरण, आणि उत्तरेचा तेवढा एकच चरण सिंहेत असतो. तुझी कन्या. नाडी दोघांची आद्यच राहिली, पण रास एक राहिली नाही, नक्षत्रही एक नाही. तिन्ही अपवादांपैकी एकही लागत नाही. शिवाय राशी लागून आल्यामुळे द्विर्द्वादश होतं आणि राशिकूटाचे ७ गुण जातात, वश्य आणि ग्रहमैत्रीतलेही थोडे गळतात. म्हणून ॲपवर १६. ॲपला अपवाद कळत नाहीत ही माझी नेहमीची तक्रार. एकनाडी दिसली की ८ पैकी शून्य देऊन मोकळं होतं. पण या खेपेला अपवाद लावूनही त्याचं उत्तर बदललं नसतं, हे कबूल करायला हवं.

आता दोघांची टिळक पंचांगाने मांड. मुलगा आजोबांनी लिहिलं तसा, उत्तरा फाल्गुनी दुसरा चरण, कन्या, आद्य नाडी. तुझा चंद्र ४ अंशांनी पुढे सरकतो, २५ अंशांवर जातो, आणि हस्त २३ अंश २० कलांवर संपतं. तू चित्रा नक्षत्राच्या पहिल्या चरणात जातेस. बोटांवर मोज, चित्रा मधल्या बोटावर येते, मध्य नाडी. दोष संपला, अपवादाची गरजच उरली नाही. गुण २४ च्या आसपास. नाडीचे पूर्ण ८ मिळतात, बदल्यात चित्रेची योनी व्याघ्र आणि उत्तरेची गाय, म्हणून योनीचे शून्य, गणाचंही जमत नाही. एकाने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं.

तीच तू, तोच मुलगा, त्याच जन्मवेळा. एका पंचांगात महादोष, दुसऱ्यात दोषच नाही. दोन्ही पंचांगं विद्वानांनी केलेली, दोन्ही मानणाऱ्या घरांतल्या लेकीसुना नांदताहेत. पंचवीस वर्षं पत्रिका जुळवतेय मी, आणि अशा जागी आल्यावर मला एवढंच कळतं की कपाटातून कोणतं पंचांग काढलं यावर ज्याचं उत्तर फिरतं, त्याच्या हाती कुणाच्या आयुष्याची दोरी असेल असं मानणं मला जमत नाही. परंपरा म्हणून पत्रिका बघा, मीही बघते. पण मुलगा आवडलेला असताना केवळ नाडीसाठी हे स्थळ मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ती आकाशातून आलेली नाही. आठ कूटांत सर्वांत जास्त गुण नाडीला, ३६ पैकी ८, आणि त्यात अधलंमधलं काही नाही. इतर बहुतेक कूटांत अधलेमधले गुण तरी पदरात पडू शकतात, इथे आठ नाहीतर शून्य. त्यात तो कुप्रसिद्ध श्लोक: आद्य नाडी एक असली तर वियोग, मध्य असली तर दोघांचा नाश, अंत्य असली तर वैधव्य. बघ, आद्य नाडीला श्लोकातसुद्धा वियोग सांगितलाय, वैधव्य नाही. पण घराघरांत तिन्हींचा मिळून एकच अर्थ उरलाय: ‘जोडा टिकत नाही’. शिवाय मूल होत नाही हे मागाहून चिकटलं. ज्या घरात पोरीच्या कपाळाचं कुंकू हाच तिचा सगळा आधार होता, त्या घरातली ही भीती आहे. तुझ्या आईने ती सख्ख्या बहिणीच्या घरात डोळ्यांनी पाहिली आहे.

म्हणून मावशीचं उदाहरण तू खोडू नकोस, मोजून दाखव. नाड्या तीनच, प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. कुठलीही दोन माणसं उचल, त्यांची नाडी एक असण्याची शक्यता साधारण तिनात एक. चंद्र एका नक्षत्रात जवळपास दिवसभर असतो, त्यामुळे एका दिवसात जन्मलेली ढीगभर माणसं एकाच नाडीची. आईजवळ बस, वही घे, आणि घरातल्या जुन्या जोड्या लिहून काढ. आजी-आजोबा, आत्या, काका, शेजारचे. ज्यांची जन्मनक्षत्रं ठाऊक असतील तेवढीच घे, एकाच पंचांगाची घे, आणि तीन बोटांवर नाड्या काढ. माझ्या माहेरी मी हे केलं होतं तेव्हा अकरा जोड्यांत चार एकनाडीच्या निघाल्या. त्यातले एक माझे आईवडील. छप्पन्न वर्षं संसार झाला त्यांचा, भांडणासकट. त्यांच्या लग्नात पत्रिका बघितलीच नव्हती, म्हणून कुणाला कळलंही नव्हतं. ज्या घरात दुःख झालं तिथे मागाहून पत्रिका उघडली जाते. ज्या घरात बरं चाललंय तिथे ती ट्रंकेतच राहते. मावशीच्या यजमानांची नाडी लोकांच्या लक्षात राहिली ती यामुळे.

हल्ली एक नवीन तऱ्हा निघाली आहे, नाडी म्हणजे रक्तगट, असं सांगायची. आईला कुणी हे सांगितलं असेल तर तिथल्या तिथे थांबव. रक्तगट आईवडिलांकडून येतो, नाडी जन्माच्या दिवशी चंद्र कुठे होता त्यावरून ठरते. सख्ख्या बहिणींचा रक्तगट एक असून नाड्या तीन असू शकतात. दोघांचा रक्तगट एकच असणं यात काही बिघडत नाही. बाईचा आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना सांगावं लागतं. साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ॲन्टी-डीचं इंजेक्शन देतात. मुलाबाळांचीच काळजी असेल तर लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी रक्ताची तपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. हा मेळ मात्र खरंच बघण्यासारखा आहे आणि तो कुठल्या पंचांगावर अवलंबून नाही.

आता करायचं काय. गुरुजींवर चिडू नकोस, फिकी शाई त्यांनाही दिसली नसेल. त्यांच्याकडे दोन्ही पत्रिका घेऊन जा आणि म्हण, ‘गुरुजी, दोन्ही एकाच पंचांगाने मांडून द्या.’ कोणत्या, हे दोन्ही घरांनी ठरवायचं. रत्नागिरीच्या घरी सणवार टिळक पंचांगाने होत असतील तर त्यांच्या लेखी ही पत्रिका स्वच्छ जुळते. तुमच्याकडे दाते चालत असेल तर आईला सरळ सांग की आपल्या पंचांगाने दोष आहे आणि अपवाद लागत नाही. लपवू नकोस. चार वर्षांनी कुठल्याशा मामाने ॲप उघडलं तर तुझ्या डोक्यावर ‘फसवलं’ हा शिक्का बसेल, आणि तो नाडीपेक्षा वाईट. एक गोष्ट मात्र करू देऊ नकोस. ‘नावावरून बघू, नक्षत्र बदलेल’ असं कुणी सुचवेल. जन्मवेळ हाताशी असताना नाव बदलून पत्रिका जुळवणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवणं.

जन्मवेळही एकदा तपासून घ्या, मुलाची विशेषतः. चित्रापक्षाने तो सिंहेच्या शेवटच्या तीन अंशांत आहे. चंद्र साधारण दोन तासांत एक अंश चालतो. म्हणजे त्याचा जन्म नोंदीपेक्षा सहा तास उशिरा झाला असेल तरच रास कन्या होईल. दहा-पंधरा मिनिटांच्या चुकीने काही फरक पडणार नाही, पण ‘रात्री तीन’ आणि ‘सकाळी दहा’ असा घोळ जुन्या नोंदींत असतो. दवाखान्याचा कागद मिळाला तर बघा.

शांत करायची का? महामृत्युंजयाचा जप, गोदान, सुवर्णदान असे उपाय सांगतील. आईच्या मनाला आधार वाटणार असेल तर घरच्या घरी जप करा, कुणी नको म्हणणार नाही. हजारोंची पावती कुणी फाडायला लागलं तर उठून या.

आणि मुलाशी हे सगळं तू स्वतः बोल, आजोबांच्या पत्रिकेसकट. तो ‘टि. पं.’ बघून काय म्हणतो, ते ऐकायला मला आवडेल. वहीतल्या जोड्यांचा हिशेब झाला की तोही पाठव, आईच्या अक्षरात असला तर उत्तमच.

– काकू